पाटी, पत्रक आणि व्हिजिटिंग कार्डावरचा क्यूआर कोड: आधी पत्ता आखा, मग कोड काढा

क्यूआर कोड काढून देणारी साधने भरपूर आहेत आणि कोड निघायला क्षणभरही लागत नाही. म्हणूनच तो बहुधा सगळ्यात शेवटी आठवतो. पाटीची रचना ठरलेली असते, पत्रकाचा मजकूर बसलेला असतो आणि उरलेल्या कोपऱ्यात कोड कसाबसा चिकटवला जातो. छपाई झाल्यावर मात्र लक्षात येते की कार्डावरचा कोड जुन्या फोनला वाचता येत नाही, पाटीवरचा कोड रस्त्यावरून टिपला जात नाही, आणि पत्रकावरचा कोड ज्या पानावर नेतो ते पान मध्यंतरी हलवले गेले आहे. या तिन्ही गोष्टींचे मूळ कोड काढण्याच्या आधी घेतलेल्या, किंवा घ्यायच्या राहून गेलेल्या, निर्णयांमध्ये असते. कोडमध्ये कोणता पत्ता भरायचा, तो पत्ता पुढे कोणाच्या हातात राहणार आणि माणूस किती अंतरावरून फोन धरणार, एवढे ठरले की बाकीचे काम सोपे होते.

पुढील मजकुरात वाचकाकडे स्वतःचे डोमेन आणि चालू संकेतस्थळ आहे असे धरले आहे. नमुन्यासाठी example.com हे नाव घेतले आहे, कारण ते अशा उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहे. त्याच्या जागी आपले नाव घालून अक्षरे मोजावीत.

लांब पत्ता म्हणजे बारीक कोड

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीच्या, पुढे डेन्सो वेव्ह ही वेगळी कंपनी झालेल्या, विभागात वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार झाला. कारखान्यात वाचणारे यंत्र ठरलेल्या अंतरावर असते आणि ते धरणारा कामगार सरावलेला असतो. आपल्याकडचा वाचक रस्त्यात उभा असतो, त्याच्या एका हातात पिशवी असते आणि कोड पहिल्या दोन-तीन क्षणांत उघडला नाही तर तो पुढे निघून जातो. त्यामुळे कोड वाचायला जितका सोपा करता येईल तितका केला पाहिजे, आणि त्याचा सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे आत भरलेला पत्ता आखूड ठेवणे.

कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या घरांची चौरस जाळी असते. सर्वांत लहान जाळी २१ × २१ घरांची असते, आणि मजकूर वाढत गेला की प्रत्येक बाजूस चार-चार घरे वाढत ती २५, २९, ३३ अशी पुढे जाते. आता हा पत्ता पाहावा:

```
https://www.example.com/products/?utm_source=pamphlet&utm_medium=print&utm_campaign=launch
```

यात ९० अक्षरे आहेत. खराब झालेला भाग पुन्हा जुळवून घेणाऱ्या त्रुटी-दुरुस्तीची M ही मध्यम पातळी ठेवली तर त्याला ४१ × ४१ घरांची जाळी लागते. त्याऐवजी `https://example.com/b` हा २१ अक्षरांचा पत्ता भरला तर त्याच पातळीवर २५ × २५ घरांत काम भागते. दोन्ही कोड २० मिलिमीटर रुंद छापले, तर पहिल्यातले एक घर जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि दुसऱ्यातले ०.८ मिलिमीटर भरते. फोनचा कॅमेरा ओळखतो ती ही घरे, संपूर्ण कोडची रुंदी नव्हे. म्हणून जागा न वाढवता कोड ठळक करायचा असेल तर पत्ता कापणे हाच मार्ग उरतो.

मराठी संकेतस्थळांना यात एक जादा अडचण येते. पानाच्या पत्त्यात देवनागरी शब्द असला तर फोनच्या पडद्यावर तो छोटा दिसतो, पण तिथून तो उचलून कोडसाधनात चिकटवला की बहुधा टक्केचिन्हांच्या रूपात उतरतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह त्या रूपात नऊ अक्षरे खाते. ‘संपर्क’ या शब्दात अनुस्वार आणि हलन्त धरून सहा चिन्हे आहेत, म्हणजे एवढ्या एका शब्दाची ५४ अक्षरे झाली. पानाचा देवनागरी पत्ता बदलण्याची गरज नाही, मात्र तो कोडमध्ये थेट भरू नये.

स्वतःच्या डोमेनवर छोटी वाट

मग कोडमध्ये भरायचे काय? स्वतःच्या डोमेनखाली एकेका अक्षराची वाट काढावी: पाटीसाठी `/b`, पत्रकासाठी `/p` आणि कार्डासाठी `/v`. या वाटांवर प्रत्यक्ष पान काहीच नसते. तिथे आलेला माणूस सर्व्हरकडून खऱ्या पानाकडे वळवला जातो. छापलेला कोड कधी बदलत नाही, पण वळण कुठे द्यायचे ते केव्हाही बदलता येते.

पत्ता छोटा करून देणाऱ्या किंवा ‘बदलता येणारा कोड’ देणाऱ्या सेवाही हेच काम करतात. फरक एवढाच की तिथे कोडमध्ये त्या सेवेचे डोमेन भरलेले असते. चाचणीची मुदत संपली, दर बदलले किंवा सेवाच बंद पडली, तर आपण छापलेल्या हजार पत्रकांवरचे कोड एकाच दिवशी निकामी होतात आणि आपल्या हातात काही राहत नाही. काही मोफत सेवा पान उघडण्याआधी स्वतःची जाहिरात दाखवतात, हे वेगळेच. महिनाभराच्या एखाद्या कार्यक्रमासाठी अशी सेवा चालून जाईल, परंतु वर्षानुवर्षे टांगून राहणाऱ्या पाटीसाठी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अपाची सर्व्हर असल्यास संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरमधल्या `.htaccess` फाइलच्या सुरुवातीला पुढील ओळी घालाव्यात. फाइल बदलण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवावी, कारण तिच्यातल्या एका चुकीच्या अक्षराने संपूर्ण संकेतस्थळ बंद पडू शकते.

```
Redirect 302 /b https://example.com/visit/?utm_source=board&utm_medium=print
Redirect 302 /B https://example.com/visit/?utm_source=board&utm_medium=print
```

पत्रकासाठी आणि कार्डासाठी अशाच दोन-दोन ओळी लागतात. वर्डप्रेससारखी प्रणाली वापरणाऱ्यांना हेच काम रीडायरेक्टच्या एखाद्या प्लगिनमधून करता येते. दोन्हीकडे एक आकडा मात्र नीट पाहावा. ३०२ म्हणजे तात्पुरते वळण आणि ३०१ म्हणजे कायमचे. ३०१ दिले तर ब्राउझर ते लक्षात ठेवतो, आणि पुढे आपण दिशा बदलली तरी आधी येऊन गेलेल्या ग्राहकाचा फोन सर्व्हरला न विचारता जुन्याच पानावर जात राहतो. वळण बदलता यावे म्हणूनच ही खटपट केलेली असल्याने येथे ३०२ च हवा.

पत्त्याच्या शेवटी असलेल्या `utm_source` आणि `utm_medium` या खुणांमुळे संकेतस्थळाच्या आकडेवारीत पाटीवरून आलेले, पत्रकावरून आलेले आणि कार्डावरून आलेले लोक वेगवेगळे मोजले जातात. या खुणा वळणाच्या पलीकडे, सर्व्हरवरच्या पत्त्यात ठेवल्या आहेत, त्यामुळे त्यांच्या लांबीचा कोडवर काहीच भार पडत नाही.

माणूस शेवटी कोणत्या पानावर उतरतो, हेही इथेच ठरते. पाटी पाहून आलेल्याला वेळ, संपर्क आणि आत काय मिळते हे हवे असते. पत्रक हाती आलेल्याला त्या पत्रकात सांगितलेलीच गोष्ट हवी असते, आणि त्याला मुख्य पानावर आणून सोडले तर ती गोष्ट शोधत बसण्याइतका उत्साह त्याच्याकडे उरत नाही.

मोठ्या अक्षरांची छोटी युक्ती

वरच्या उदाहरणात `/B` साठी वेगळी ओळ का घातली, याचा खुलासा आता करतो. क्यूआर कोडमध्ये अंक, इंग्रजी मोठी अक्षरे आणि अपूर्णविराम, तिरकी रेघ, टिंब यांसारखी मोजकी चिन्हे एवढाच मजकूर असेल, तर तो अधिक दाटीने साठवता येतो. एक छोटे अक्षर आले तरी ते साध्या, जास्त जागा घेणाऱ्या पद्धतीत साठवावे लागते. संकेतस्थळाच्या पत्त्यात सुरुवातीचा `https` आणि डोमेनचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले तरी अर्थ बदलत नाही. तिरक्या रेघेनंतरच्या भागात मात्र बहुतेक सर्व्हर लहान-मोठे अक्षर वेगळे मानतात, म्हणून दोन्ही ओळी ठेवाव्या लागतात.

यातून मिळणारा फायदा असा. कोडमध्ये त्रुटी-दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात, L, M, Q आणि H, आणि त्या साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के बिघडलेली माहिती पुन्हा जुळवू शकतात. छोट्या अक्षरांतला आपला २१ अक्षरांचा पत्ता २५ × २५ घरांत M पातळीपर्यंतच मावतो, तर `HTTPS://EXAMPLE.COM/B` असा लिहिल्यास त्याच २५ × २५ घरांत Q पातळी मावते. एकही घर न वाढवता कोड अधिक ओरखडे, डाग आणि घड्या सोसू शकतो. सुरुवातीचा `HTTPS://` गाळून आणखी अक्षरे वाचवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तो नसला तर काही फोन त्या मजकुराला पत्ता न मानता नुसता शब्द समजतात आणि शोधयंत्रात टाकतात.

संगणकावर `qrencode` हा मोफत प्रोग्राम असल्यास कोड असा निघतो:

```
qrencode -l Q -m 4 -t SVG -o board.svg "HTTPS://EXAMPLE.COM/B"
```

इतर साधन वापरले तरी तीनच गोष्टी पाहायच्या असतात: त्रुटी-दुरुस्तीची पातळी निवडता यावी, फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफ स्वरूपात मिळावी, आणि साधनाने आपला पत्ता गुपचूप स्वतःच्या छोट्या पत्त्यात बदलू नये. शेवटची गोष्ट तपासण्यासाठी निघालेला कोड फोनने टिपावा आणि पान उघडण्याआधी पडद्यावर जो पत्ता दिसतो तो अक्षर न् अक्षर वाचावा.

कोडच्या मध्यभागी बोधचिन्ह बसवण्याची पद्धत आहे. ते बसते, कारण त्याखाली झाकली गेलेली माहिती दुरुस्तीच्या वाट्यातून भरून निघते. पण पुढे उन्हाने, पाण्याने किंवा घडीने कोड खराब झाल्यावर उपयोगी पडणारा वाटाही तोच असतो, आणि तो आपण पहिल्याच दिवशी खर्चून बसतो. बोधचिन्ह कोडच्या शेजारी छापलेले बरे.

पाटी: अंतर मोजल्याशिवाय आकार ठरवू नये

छापील कोडच्या आकाराचा एक ढोबळ हिशेब असा आहे की वाचणारा जितक्या अंतरावर उभा असेल त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी कोडची रुंदी असावी. एक मीटरवरून वाचायचा असेल तर दहा सेंटिमीटर, चार मीटरवरून वाचायचा असेल तर ४० सेंटिमीटर. हा हिशेब २५ घरांच्या आसपासच्या कोडला लागू पडतो. ४१ घरांच्या कोडमध्ये घर तेवढेच मोठे ठेवायचे झाले, तर चार मीटरसाठी कोड ६५ सेंटिमीटरहून रुंद करावा लागेल. पत्ता आखूड केल्याचा खरा लाभ इथे कळतो.

आता दारावरच्या मोठ्या पाटीचा विचार करू. ती तीन-चार मीटर उंचीवर असते आणि ती वाचणारा माणूस रस्त्याच्या पलीकडे, समजा आठ मीटरवर, असतो. त्याच्यासाठी ८० सेंटिमीटरचा कोड लागेल. पाटीची उंचीच अनेकदा तेवढी नसते. शिवाय माणूस जवळ आला की पाटी डोक्यावर जाते, कोड तिरपा दिसू लागतो आणि फोन वर धरून मान मागे टाकावी लागते. माझ्या मते उंचावरच्या पाटीवर कोड घालूच नये. तिथे फक्त पत्ता ठळक अक्षरांत लिहावा, आणि कोड दारावर किंवा दर्शनी काचेवर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, वेगळा लावावा. वाहनांच्या मागे किंवा वेगवान रस्त्याकडेच्या फलकांवर कोड छापणे तर निरर्थकच आहे, कारण तो टिपू शकणाऱ्या माणसाने तेव्हा तो टिपता कामा नये.

दारावरचा कोड साधारण एक मीटरवरून वाचला जातो, म्हणून तो दहा सेंटिमीटरचा घ्यावा. २५ घरांच्या कोडमध्ये एक घर चार मिलिमीटरचे झाले. कोडच्या चारही बाजूंना किमान चार घरांइतका कोरा समास असणे आवश्यक आहे, म्हणजे प्रत्येक बाजूस १६ मिलिमीटर, आणि पूर्ण स्टिकर १३.२ सेंटिमीटरचा. हा समास कोडचाच भाग आहे. रचना करणाऱ्याला तो वाया गेलेली जागा वाटतो, मग त्यात चौकट येते, फोन नंबर येतो, आणि कोड कुठे सुरू होतो हेच कॅमेऱ्याला कळेनासे होते. आज्ञेतला `-m 4` हा भाग नेमका हाच समास सोडतो.

काचेवरच्या स्टिकरची परीक्षा दोनदा घ्यावी: एकदा भर दुपारी, जेव्हा काचेत समोरचा रस्ता उमटतो, आणि एकदा अंधार पडल्यावर, जेव्हा आतले दिवे मागून येतात. पारदर्शक विनाइलवर काळी घरे छापली तर पांढऱ्या घरांच्या जागी दुकानाच्या आतले दृश्य दिसते, त्यामुळे खाली पांढरा थर मागून घ्यावा. काच गडद रंगाची असेल तर स्टिकर बाहेरूनच लावावा लागतो. मागून उजेड असलेल्या पाटीवरही कोडजवळ ट्यूबचा प्रखर पट्टा येत नाही ना, हे रात्री पाहून घ्यावे.

लिहिलेला पत्ता

उंच पाटीवरचा पत्ता लोक लक्षात ठेवतात आणि नंतर टाइप करतात. म्हणून तिथे `https://` किंवा `www` लिहू नये, फक्त `example.com` लिहावे. त्याआधी मात्र `www` सह आणि `www` शिवाय अशा दोन्ही रूपांत संकेतस्थळ उघडते का आणि दोन्हीकडे सुरक्षा प्रमाणपत्र चालते का, हे तपासणे भाग आहे. यातले एक रूप कित्येकदा जोडायचे राहून गेलेले असते आणि मालकाच्या लक्षात येत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या ब्राउझरला चालणारे रूप पाठ झालेले असते.

अक्षरांच्या उंचीसाठी पाटी रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की तीन मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर उंची धरावी. १२ मीटरवरून सहज वाचता यावे असे वाटत असेल तर दहा सेंटिमीटर. पत्ता छोट्या अक्षरांत लिहिला जातो, म्हणून ही उंची `a` किंवा `e` यांसारख्या अक्षरांची धरावी, `l` ची नव्हे. अक्षरवळण असे निवडावे की त्यात `l` आणि `1`, तसेच `o` आणि `0` वेगळे ओळखू येतील. पत्ता दोन ओळींत तोडू नये. तोडण्यावाचून गत्यंतर नसेल तर टिंबाच्या आधी तोडावा, म्हणजे दुसऱ्या ओळीच्या आरंभी आलेले टिंब वाचणाऱ्याला पत्ता पुढे चालू असल्याचे सांगते.

कार्ड आणि पत्रक

व्हिजिटिंग कार्डावर जागा कमी असते आणि फोन वीत-दीड वीत अंतरावर धरला जातो. २५ घरांचा कोड २० मिलिमीटर रुंद छापला तर तो व्यवस्थित चालतो. त्याचा समास ३.२ मिलिमीटर होतो, पण कार्डे गठ्ठ्याने कापताना पाते थोडे सरकते, म्हणून कडेपासून पाच मिलिमीटर आत राहावे. कार्डाची मागची बाजू कोरी असेल तर कोड तिथे द्यावा, आणि त्याखाली छापील पत्ताही द्यावा.

कार्डाच्या कोडमध्ये संकेतस्थळाऐवजी नाव, नंबर, हुद्दा अशी संपूर्ण संपर्कनोंद भरण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. ती थेट फोनच्या यादीत उतरते, ही सोय खरी आहे. पण तेवढ्या मजकुराने जाळी दाट होते, आणि नंबर बदलला की कार्ड रद्दीत जाते. `/v` या वाटेवर छोटे पान करून तिथे ‘संपर्क जतन करा’ असे बटण दिले तर तीच सोय मिळते आणि कोडही मोकळा राहतो.

पत्रक हे घडी घालून, चुरगळून, खिशात जाऊन मग वाचले जाते. घडीची रेघ कोडवरून जाता कामा नये, आणि विशेषतः कोपऱ्यांतल्या तीन मोठ्या चौकोनांवरून तर नाहीच. कॅमेरा आधी ते चौकोन शोधतो आणि त्यांच्या आधाराने बाकीची घरे वाचतो. त्रुटी-दुरुस्ती आतल्या माहितीला लागू असते, या चौकोनांना तिचे संरक्षण नसते. पातळ कागदावर शाई पसरते आणि मागचा मजकूर पुढे उमटतो, म्हणून पत्रकावर कोड २५ ते ३० मिलिमीटरचा घ्यावा आणि त्याच्या पाठीमागे गडद चित्र येऊ देऊ नये. कोडशेजारी तो उघडल्यावर काय मिळेल ते एका ओळीत लिहावे. ‘स्कॅन करा’ एवढ्याने कोणाला काही कळत नाही. ‘आजची दरसूची’ किंवा ‘वेळ राखून ठेवा’ असे लिहिले तर ज्याला हवे तो फोन काढतो.

छपाईला देताना

छपाईसाठी एसव्हीजी किंवा पीडीएफ द्यावी. जेपीजीमध्ये घरांच्या कडा धूसर होतात, आणि व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलेला कोड वाटेत आणखी दाबला जातो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. धूसर कोड मिळाल्यावर काही रचनाकार तो सॉफ्टवेअरकडून पुन्हा गिरवून घेतात. तेव्हा घरांचे कोपरे गोल होतात आणि शेजारची घरे एकमेकांना चिकटतात, तरीही कोड दुरून नीटच दिसतो. जागेत बसवण्यासाठी तो एका बाजूने ताणला गेला नाही ना, हेही पाहावे.

रंग शक्यतो काळा ठेवावा आणि पार्श्वभूमी पांढरी. गडद निळा किंवा गडद हिरवाही चालतो, पण घरे गडद आणि जमीन फिकट हा क्रम उलटू नये, कारण काही फोन उलटा कोड वाचत नाहीत. बहुरंगी छपाईत मुद्रकाला सांगावे की कोड फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के, छापायचा आहे. चारही शाया मिसळून केलेला काळा पडद्यावर अधिक गडद दिसतो, पण छापताना एखादी शाई एक-दोन दशांश मिलिमीटर सरकली की प्रत्येक घराला रंगीत सावली येते, आणि ०.८ मिलिमीटरच्या घराला तेवढी सावली पुष्कळ झाली. चकचकीत लॅमिनेशनपेक्षा मॅट लॅमिनेशन बरे, कारण दिव्याखाली धरलेल्या कार्डावर ते चमकत नाही.

मुद्रकाकडून नमुना आल्यावर फूटपट्टीने एक मोजणी करावी. कोपऱ्यातला मोठा चौकोन नेहमी सात घरे रुंद असतो. २० मिलिमीटरच्या, २५ घरांच्या कोडमध्ये तो ५.६ मिलिमीटर भरला पाहिजे. तो साडेतीनच्या आसपास भरला तर वाटेत कोणीतरी आपला कोड बदलून लांब पत्त्याचा कोड बसवला आहे, असे खुशाल समजावे. रचनाकाराने सद्भावनेने संकेतस्थळावरून पूर्ण पत्ता उचलून नवा कोड काढणे, हा प्रकार सर्रास घडतो.

नमुन्याची चाचणी संगणकाच्या पडद्यावर न करता खऱ्या आकारात, खऱ्या कागदावर करावी. एक नवा आणि एक पाच-सहा वर्षे जुना असे किमान दोन फोन घ्यावेत, वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पान उघडावे आणि पाटीचा कोड असेल तर ठरवलेल्या अंतरावर प्रत्यक्ष उभे राहावे. कोड लगेच ओळखला गेला पण पान उघडायला वेळ लागला, तर दोष पानातल्या जड चित्रांचा आहे. फोन पुढेमागे करूनच कोड सापडत असेल, तर आकार किंवा समास कमी पडतो आहे. एका कोनातून वाचला जातो आणि दुसऱ्यातून नाही, असे झाले तर चमक कारणीभूत आहे.

लावल्यानंतर

सार्वजनिक जागी लावलेल्या कोडवर कोणी दुसऱ्याच कोडचा स्टिकर चिकटवू शकते, आणि तो आपल्याच पाटीवर असल्याने ग्राहक त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून दारावरचा कोड अधूनमधून स्वतः टिपून पाहावा. खाली लिहिलेला पत्ता आणि फोनवर उमटणारा पत्ता एकच असेल तर ग्राहकालाही खात्री करता येते. सेवेच्या अनोळखी पत्त्याऐवजी स्वतःचे डोमेन वापरण्याचे हे आणखी एक कारण.

डोमेनचे नूतनीकरण आपोआप होण्याची व्यवस्था करावी आणि सूचनेचा ईमेल चालू असलेल्या खात्यावर येतो ना, ते पाहावे. मुदत चुकली आणि नाव दुसऱ्या कोणी घेतले, तर आपल्या सगळ्या पाट्या त्याच्या दाराकडे बोट दाखवू लागतात.

पुढचे पत्रक निघेल तेव्हा `/p` ही वाट नव्या मजकुराला देऊ नये. त्यासाठी `/p2` काढावी, म्हणजे दोन्ही पत्रकांची मोजणी वेगळी राहते. जुनी वाट बंद न करता तिचे वळण मुख्य पानाकडे बदलून ठेवावे, कारण जुनी पत्रके लोकांच्या घरी किती काळ राहतील ते आपल्या हातात नसते.